'सूचना मिळाल्यापासून तीस दिवस': पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

मेघना
भाड्याची जागा सोडायची आहे. करारातलं कलम असं: "भाडेकरूस जागा सोडावयाची असल्यास त्याने मालकास तीस दिवसांची लेखी पूर्वसूचना द्यावी. सदर मुदत सूचना मिळाल्यापासून मोजावी." पत्र लिहून तयार आहे, त्यावर तारीख १२ मार्च. मालक १४ मार्चला भेटणार आहेत, तेव्हा हातात देईन. पत्रात जाण्याची तारीख तेवढी कोरी आहे, कारण घरात तीन मतं पडलीत: ११, १२ आणि १३ एप्रिल. 'मिळाल्यापासून' म्हटलं की मिळाल्याचा दिवस मोजणीत येतो का? 'सोमवारपासून सुट्टी' म्हणतो तेव्हा सोमवारीच सुट्टी असते ना?

प्रकाश
एवढं काय त्यात? तीस दिवस म्हणजे एक महिना. १४ मार्चला दिलं की १४ एप्रिलला निघायचं. भाडं महिन्याचं, नोटीसही महिन्याची.

दप्तरी
प्रकाशराव, कलमात 'एक महिना' असतं तर तुमचं उत्तर चाललं असतं. इथे दिवस लिहिलेत, तेव्हा दिवसच मोजायचे. मार्च ३१ दिवसांचा असल्यामुळे इथे एकाच दिवसाचा फरक पडतो. तेच पत्र ३१ जानेवारीला दिलं तर? महिन्याच्या हिशोबाने फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मुदत संपेल, कारण ३१ फेब्रुवारी नसतेच. तीस दिवस मोजले तर २ मार्च, लीप वर्ष असेल तर १ मार्च.

आता मेघनाताईंचा प्रश्न. 'पासून'चे दोन उपयोग आहेत आणि इथे गल्लत तीच होते. 'सोमवारपासून सुट्टी' यात एक अवस्था सुरू होते, म्हणून सोमवार आत. 'पत्र मिळाल्यापासून तीस दिवस' यात एका घटनेनंतरचा काळ मोजायचा असतो. पत्र सकाळी मिळो नाहीतर संध्याकाळी, त्या दिवसाचा काही भाग आधीच सरलेला असतो. अर्धवट दिवस पूर्ण धरला तर समोरच्याची मुदत कापली जाते. म्हणून दस्तऐवजांत मिळाल्याचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसाला पहिला म्हणायचा प्रघात आहे.

मोजून दाखवतो. पत्र १४ मार्चला हातात. पहिला दिवस १५ मार्च. १५ ते ३१ मार्च हे सतरा दिवस होतात. उरले तेरा, म्हणजे १३ एप्रिल हा तिसावा दिवस. पडताळा सोपा आहे: १४ मध्ये ३० मिळवा, ४४ होतात, मार्चचे ३१ वजा करा, १३ उरतात.

तुमच्या घरातल्या ११ एप्रिलवाल्यांनी पत्रावरची १२ तारीख धरलेली दिसते. करार 'मिळाल्यापासून' म्हणतो, तेव्हा लिहिल्याची तारीख मोजणीत येतच नाही. १२ एप्रिलवाल्यांनी १४ मार्च हाच पहिला दिवस धरलाय.

सुलभा
मालक तीस दिवसांत बाहेर काढतोय का तुम्हाला? अजिबात सही करू नका. आमच्या वेळी मालकाने असाच कागद पुढे केला होता आणि आम्ही घाबरून सामान बांधायला लागलो होतो.

मेघना
नाही हो सुलभाताई, मीच जातेय. मालकांशी काही भांडण नाही. मला फक्त तारीख बरोबर लिहायची आहे.

सुलभा
अच्छा, मग ठीक. तरी एक सांगते, पुढे आम्ही स्वतःहून घर सोडलं तेव्हा पत्रात 'तीस दिवसांच्या आत जागा रिकामी करू' असं लिहिलं होतं. आम्ही गेलो विसाव्या दिवशी. मालक म्हणाले, भाडं तिसाव्यापर्यंतचं द्या. आम्हाला वाटलं होतं 'आत' लिहिलंय म्हणजे कधीही गेलं तरी चालेल.

दप्तरी
'आत' हा शब्द या पत्रात नकोच. 'आत' म्हणजे जास्तीत जास्त तीस, आणि पूर्वसूचनेचं कलम म्हणतं कमीत कमी तीस. अर्थ उलटाच झाला. शिवाय त्यातून तारीखही कळत नाही. मालकाने पुढच्या भाडेकरूला कोणता दिवस सांगायचा?

ऋता
मला वाटतं १२ एप्रिलवाल्यांचा हिशोबही आपल्या बोलण्यातूनच येतो. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की आपण पुढच्या आठवड्यात त्याच वारी जातो. मोजले तर सातच होतात, पण आपण आजचा दिवसही धरतो. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. मग तीस म्हणताना तीच सवय लागणार. बोलताना कुणाचं काही बिघडत नाही, कारण दोघांच्याही मनात वारच असतो.

दप्तरी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पटण्यासारखं आहे.

प्रकाश
बरं, १३ मान्य. पण मग १३ एप्रिलला सकाळी निघायचं की रात्री? तिसावा दिवस पुरा व्हायला हवा ना?

दप्तरी
इथे माझं मत ठाम नाही. 'पूर्ण तीस दिवस' किंवा 'किमान तीस दिवस आधी' असे शब्द असते तर मी १४ एप्रिल लिहायला सांगितलं असतं, म्हणजे मधले तीस दिवस अख्खे मिळतात. या कलमात 'पूर्ण' नाही. काही जण तरीही १४ लिहितात, एका दिवसावरून वाद नको म्हणून. मी १३ लिहीन, पण वेळ घालून.

ऋता
वेळ हवीच. नुसतं '१३ एप्रिलपर्यंत' लिहिलं तर १३ तारीख आत की बाहेर, यावरून पुन्हा हाच वाद. 'पर्यंत'ही 'पासून'सारखाच दुतोंडी. '१३ एप्रिल रोजी' म्हटलं की प्रश्न मिटतो.

मला दुसरी शंका 'सोडणे' या शब्दाची आहे. घर सोडलं म्हणजे सामान हललं, की किल्ल्या दिल्या?

दप्तरी
चांगलं काढलंत. सामान ११ तारखेला गेलं आणि किल्ली १५ तारखेला दिली, तर मालक १५ पर्यंतचं भाडं मागेल आणि त्यात चूक नाही, कारण किल्ली तुमच्याकडे म्हणजे ताबा तुमच्याकडे. म्हणून 'जागा रिकामी करून ताबा देईन' असं जोडीने लिहावं.

मेघनाताई, कलमाच्या पुढे 'मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीस संपावी' असं काही आहे का तेही बघा. तसं असलं आणि तुमचा भाडेमहिना एक तारखेपासून असला, तर १३ चा हिशोब बरोबर असूनही तारीख थेट ३० एप्रिल होते.

मेघना
तसं काही नाही, आत्ताच शेवटपर्यंत वाचलं. मग वाक्य असं करते:

"हे पत्र आपणास दि. १४ मार्च रोजी समक्ष दिले आहे. करारातील तीस दिवसांची मुदत १५ मार्चपासून मोजता ती १३ एप्रिल रोजी पूर्ण होते. त्या दिवशी सायंकाळी सहा वाजता जागा रिकामी करून किल्ल्यांसह ताबा आपणास देईन."

ऋता
'१५ मार्चपासून' इथे १५ तारीख आत धरलीय, तर 'पहिला दिवस १५ मार्च धरून' असं करा. आणि पत्रावरची १२ तारीखही १४ करून टाका, नाहीतर एकाच कागदावर दोन तारखा दिसतील.

दप्तरी
१२ राहिली तरी चालेल, लिहिल्याची तारीख वेगळी असू शकते. प्रतीवर मात्र मालकांकडून 'मिळाले' एवढं, तारीख आणि सही घ्या. ते १४ ला भेटलेच नाहीत आणि पत्र १६ ला दिलं गेलं, तर १५ एप्रिल लिहावं लागेल. म्हणून तारखांच्या जागा पेनाने भरायला मोकळ्या ठेवा, आणि दोन्ही प्रतींवर सारख्याच भरा.

प्रकाश
मी अजूनही १४ च लिहिलं असतं. एक दिवसाचं भाडं गेलं तर गेलं.