रामाचा वनवास: कर्तव्य की भावना? (वादविवादासाठी)

प्रश्नकर्ता: वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, 'पितृआज्ञेपुढे रामाने स्वतःच्या भावनेचा बळी दिला.' मी अनुकूल बाजूने बोलणार आहे. मुद्दे सुचवा.

नीलकंठ: सोपं आहे. वडिलांनी सांगितलं, मुलगा गेला. आज्ञा हेच कर्तव्य. याला विरोध करणारा काय बोलणार?

अयोध्याकांड: बरंच काही बोलेल. वाल्मीकींच्या मूळ पाठात दशरथ वनात जायची आज्ञा देतच नाही. अयोध्याकांडाच्या १८व्या सर्गात तो 'राम' एवढंच म्हणतो, पुढे त्याला बोलवत नाही. दोन वर सांगते ती कैकेयी. १९व्यात राम तिला म्हणतो की त्यांनी सांगितलं नसलं तरी तुमच्या शब्दावर मी चौदा वर्षं वनात राहीन. आणि ३४व्यात दशरथच म्हणतो, 'मला कैद कर आणि तू राजा हो.' ही आज्ञा मात्र राम पाळत नाही! म्हणून 'पितृआज्ञा' धरलीत तर प्रतिपक्ष पहिल्या फेरीतच अडवेल. 'पित्याचं वचन खोटं पडू नये' असं मांडा.

स्वरा: पण सीतेचं काय? गरोदर बायकोला लोकापवादासाठी सोडलं, तिथे कुठे गेली भावना?

अयोध्याकांड: तो प्रसंग उत्तरकांडातला आहे आणि तिथलं कर्तव्य राजाचं, पुत्राचं नाही. दोन्ही एकत्र केलेत तर परीक्षक विषयांतर म्हणतील.

विरोधक: मला 'बळी' हाच शब्द खटकतो. राम शांतपणे निघाला, दुःख दिसतच नाही. भावनाच नसेल तर बळी कसला?

अयोध्याकांड: ५३वा सर्ग वाचा. गंगा ओलांडल्यावर सुमंत्र सोबत नाही, झाडाखाली रात्र. तिथे राम लक्ष्मणाला म्हणतो, बाईपायी माझ्यासारख्या मुलाला कोणता मूर्ख तरी टाकेल? मग सांगतो की एकटाच बाणांनी अयोध्या घेऊ शकतो, पण अधर्माची भीती आहे, म्हणून अभिषेक करवून घेत नाही. राजवाड्यात गिळलेला राग इथे बाहेर पडतो. अनुकूल बाजूला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

विरोधक: वा, मग तो माझाही पुरावा! भीतीपोटी थांबला, कर्तव्यापोटी नाही.

नीलकंठ: अधर्माची भीती म्हणजे कर्तव्याचीच जाणीव की.

विरोधक: त्याच अर्धश्लोकात परलोकाचीही भीती आहे. तो हिशेब झाला.

अयोध्याकांड: हा वाद खरा आहे आणि सुटणारा नाही. पण तुमच्या हातात आणखी एक पत्ता आहे, तोही वापरा. १०७व्या सर्गात राम भरताला सांगतो की लग्नाच्या वेळीच दशरथाने कैकेयीच्या वडिलांना राज्य शुल्क म्हणून, म्हणजे वधूचं मोल म्हणून, कबूल केलं होतं. हे खरं धरलं तर राज्य मुळात भरताचंच ठरतं, आणि रामाने सोडलं काय, तर जे त्याचं नव्हतंच ते.

प्रश्नकर्ता: मग मी त्याला काय उत्तर देऊ?

अयोध्याकांड: शुल्काने राज्य जातं, वनवास येत नाही. चौदा वर्षं दुसऱ्या वरातून आली. तेवढ्यावर उभे राहा.