वर्षाचे अनेक संकल्प आणि मध्येच थांबवलेले काम : आपले अनुभव

उंबरठा : गेल्या रविवारी माळा आवरताना अर्धी राहिलेली गोधडी हाती लागली आणि 2022 साल आठवले. त्या वर्षी मी चार संकल्प केले होते : आईच्या लुगड्यांची गोधडी, मोडी वाचन, हार्मोनियमची प्रवेशिका पूर्ण आणि पुढच्या जानेवारीतील मुंबईची अर्धमॅरेथॉन. जुलैअखेर हिशेब मांडला, तेव्हा रियाजाला पाच तास, धावण्याला साडेचार आणि मोडी व गोधडीला प्रत्येकी तीन, असे आठवड्याला साडेपंधरा तास लागत होते. नोकरी आणि घर सांभाळून हाती उरत होते जेमतेम नऊ.

परीक्षेचा अर्ज भरलेला होता आणि मोडीचा वर्ग सुरू होता, म्हणून मी धावणे आणि गोधडी थांबवली. कापड काही विसरत नाही, असे तेव्हा वाटले होते. नोव्हेंबरच्या सत्रात परीक्षा उत्तीर्ण झाले, मोडीही चालू राहिली. पण शर्यतीला सात आठवडे उरले असताना पुन्हा धावू लागले, तर चार किलोमीटरांतच दम लागला आणि शर्यत सोडावी लागली. गोधडीला दोनच कडांना कच्चे टाके होते, उरलेल्या भागाला टाचण्या होत्या. आता त्यांच्या गंजाचे डाग पडले आहेत आणि आतले थर सरकले आहेत. काय थांबवायचे हे मी ठरवले, पण ते कोणत्या टप्प्यावर थांबवायचे याचा विचारच केला नाही. तुम्ही हे कसे ठरवता?

पाऊलवाट : ताई, धावणे पूर्ण थांबवले तर दोन-तीन आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो; मात्र आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे धावले आणि त्यांतील एकदा वेग टिकवला, तर पुष्कळसा दम दोन-तीन महिने राहतो. म्हणून थांबवायचे ते रविवारचे लांब धावणे. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी साडेचार तासांचे दीड तासावर आणले, पण दहा किलोमीटरांची सवय मोडू दिली नाही. पुढे दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत, मध्ये एक हलका आठवडा ठेवून, सात आठवड्यांत अठरापर्यंत पोहोचलो. शून्यापासून निघालो असतो, तर तेवढ्या अवधीत हे जमले नसते. दम लवकर परततो, नडगी आणि टाच मात्र वेळ घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावले टाकताना दुखत असेल, तर त्या आठवड्यात अंतर वाढवू नये.

सांजवात : मला वाटते, काहीच थांबवू नये. प्रत्येक गोष्टीला रोज पंधरा मिनिटे दिली की चारही कामे पुढे सरकतात. मी पेटी आणि संस्कृत असेच शिकले.

चौघडी : सांजवातताई, पेटीला ते लागू पडेल, गोधडीला नाही. पसरणे, थर सारखे करणे आणि पुन्हा घडी घालणे यांतच पंधरा मिनिटे जातात. उंबरठाताई, गोधडी थांबवण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता. फक्त आणखी एक दुपार देऊन, मधल्या भागासह सर्वत्र वीतभर अंतराने कच्चे टाके घालायचे, सगळ्या टाचण्या काढायच्या आणि मगच ती ठेवायची. आमच्याकडे कडेकडेने आत येत शिवतात, त्यामुळे एक फेरा पूर्ण करूनच सुई काढतो. दोरा आणि सुई त्याच घडीत ठेवते, म्हणजे पुन्हा बसताना शोधाशोध होत नाही. डागांवर लिंबू आणि मीठ लावून ऊन द्या, पण आधी कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहा.

नवी पेठ : मीही मार्चमध्ये माझी एसआयपी थांबवली होती, घराचा हप्ता वाढल्यामुळे. ती पुन्हा सुरू करण्यासाठी नवा अर्ज करावा लागेल का?

चौघडी : दादा, इथे कामांच्या संकल्पांविषयी चालले आहे. एसआयपीचे तुमच्या फंडाकडेच विचारलेले बरे.

शिरोरेघ : मी थांबवली ती मोडी, तीही चुकीच्या वेळी. अक्षरे सुटी ओळखू येत होती, पण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि लेखणी न उचलता लिहीत गेल्याने अक्षरे एकमेकांत मिसळतात. सलग ओळ वाचण्याची नजर अजून बसायची होती. चार महिन्यांनी परतलो तेव्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. पुढच्या खेपेस एक छोटे पत्र न अडखळता वाचता आल्यावरच थांबलो. नंतर महिन्यातून दोनदा तेच पत्र वाचत राहिलो आणि नजर टिकली. तुमची मोडी चालू राहिली, हे चांगले झाले.

उंबरठा : पाऊलवाटदादा, हे तेव्हा कळले असते तर दीड तास धावण्याला नक्की दिला असता, कारण रियाज आणि मोडी मिळून आठ तास झाल्यावर एक तास तरी उरतच होता, वरचा अर्धा तास कुठून तरी काढला असता. यंदा एप्रिल-मेच्या सत्रात मध्यमा प्रथम द्यायची आहे आणि गोधडीही उसवून पुन्हा पसरायची आहे. चौघडीताई, सरकलेले थर सारखे करायला सगळे उसवावे लागेल, की दोन कडा तशाच ठेवता येतील?

चौघडी : मधून हात फिरवून पाहा. गोळा झालेला भाग कडेपासून दूर असेल, तर एकच कड उसवून पुरेल. फोटो पाहिल्याशिवाय मात्र नक्की सांगता येणार नाही.