मदत हवी आहे: kk, plz, gm कळलं, पण "God/e vka" म्हणजे काय?

पोळीभाजी: मी घरून डबे देते, बावीस गिऱ्हाईकं आहेत. आधी सगळे फोन करायचे, आता मेसेज येतात. नवीन पोरं लिहितात `gm tai 2 dabe plz`. gm आणि plz लेकीने समजावलं. kk पहिल्यांदा आलं तेव्हा वाटलं बोट अडकलं असेल, म्हणून "काय?" विचारलं, तर परत `kk`! म्हणजे ओके ओके. तेव्हापासून काही कळलं नाही की शॉर्टफॉर्म असेल म्हणून सोडून देते.

परवा रात्री ऑफिसातल्या एका सरांचा मेसेज आला, `God/e vka`. देवाधर्माचं काहीतरी असेल म्हणून मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि सकाळी डबाही पाठवला. सर रजेवर, डबा तसाच परत. म्हणतात, "मराठीत कळवलं होतं की!" आणखी एका नंबरवरून `sdfjkll;;` आलंय. शॉर्टफॉर्म कुठला आणि चुकून दाबलेलं कुठलं, कसं ओळखायचं?

नाना_नाशिक: gm वाल्यांना सरळ म्यूट करा ताई. रोज फुलांचे फोटो, फोन भरून जातो.

पोळीभाजी: नाना, हे gm वाले माझे पैसे देणारे आहेत हो.

चहाबिस्किट: सोपं आहे. शॉर्टफॉर्ममध्ये स्वर गाळतात: plz, msg, thx. आपलं मराठीही तसंच, `nko`, `jvlas ka`. God मध्ये o आहे, म्हणजे तो पूर्ण शब्द. vka कुठल्यातरी संस्थेचं नाव असणार.

टंकलेखक67: स्वरांचं बरोबर आहे, पण अर्धंच. `sdfjkll;;` मध्ये एकही स्वर नाही, मग तो शॉर्टफॉर्म का?

ताई, सर कॉम्प्युटरवरून मेसेज करतात का? मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसलेला माणूस पडद्याकडे बघत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर राहिला की बोटं मराठी टाइप करतात आणि उमटतं इंग्रजी. आता एकेक कळ बघा. शिफ्ट दाबून G म्हणजे उ, o म्हणजे द, d म्हणजे हलन्त, / म्हणजे य, e म्हणजे काना. झालं "उद्या". पुढे v न, k क, a म्हणजे ओकाराची मात्रा. "उद्या नको". सरांनी खरंच कळवलं होतं!

खूण म्हणजे शब्दाच्या मधोमध आलेली तिरपी रेघ. शॉर्टफॉर्म करणारा कळा वाचवतो, मध्ये / घालायला तो बोट लांब कशाला नेईल? `sdfjkll;;` हेच कोष्टक लावून बघा: s, d, f म्हणजे एकार, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, आणि आधी अक्षरच नाही. मराठी शब्द असा सुरू होत नाही. शिवाय या सगळ्या कळा मधल्या ओळीतल्या, शेजारशेजारच्या. फडकं फिरलं असेल.

बोक्याची_आई: किंवा मांजर. आमचा बोका रोज साहेबांना पत्र लिहितो.

जुनी_फाइल: माझ्याकडे वेगळाच प्रकार. जुनी कागदपत्रं उघडली की `ejkBh` असलं काहीतरी दिसतं. हाही कीबोर्ड बदलायचा राहिला म्हणून का?

टंकलेखक67: नाही, तो कृतिदेव. e म, j र, k काना, B ठ, h दीर्घ वेलांटी: "मराठी". फाइल ठीक आहे, फक्त तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही. इनस्क्रिप्टचं कोष्टक तिथे लावलंत तर भलतंच निघेल.

चहाबिस्किट: मग शॉर्टफॉर्मची खात्रीची खूण कुठली?

टंकलेखक67: तोच माणूस तेच, तशाच जागी पुन्हा लिहितो. gm सकाळी आणि सुरुवातीला, plz मागणीच्या शेजारी, kk तुम्ही काही सांगितल्यावर. पूर्वी एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं मावायची, देवनागरी फक्त 70, त्यामुळे रोमनमध्ये काटकसरीने लिहायची सवय लागली. पण दोन अक्षरांवर कोणीच खात्री देऊ शकत नाही. किराणा दुकानदाराला `gm` म्हणजे ग्रॅम.

पोळीभाजी: अहो, सरांना विचारलं! ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच पाठवलेला. आता त्यांचं काही विचित्र आलं की "हवा की नको?" एवढंच विचारते.

पण आज एका मुलाचा `kk 3` आलाय. त्याचे काकाही माझ्याकडेच जेवतात, आणि तो त्यांना kk लिहितो. ओके ओके, तीन डबे? की काकांचे तीन?

चहाबिस्किट: आधी तुम्ही काय लिहिलं होतं?

पोळीभाजी: काहीच नाही. सकाळी सकाळी नुसतं `kk 3`.

टंकलेखक67: मग ओके कशाला म्हणेल? मला काकांचे वाटतात. तरी फोन करा.

पोळीभाजी: उचलत नाहीये. कणीक तिघांची भिजवून ठेवली आहे.