आत्मकारक शुक्र की राहू? आणि नऊ कलांच्या फरकावर 'आत्म्याचा विषय' ठरवायचा का?

यामिनी_स: एका सॉफ्टवेअरमध्ये आत्मकारक शुक्र येतो, दुसऱ्यात राहू. लाहिरी अयनांशाने स्पष्टग्रह असे: शुक्र कन्या 27°40', चंद्र सिंह 27°31', राहू मकर 2°06'. बाकी सगळे 24 अंशांच्या आत. शुक्र धरला तर नातेसंबंध हा आत्म्याचा विषय, राहू धरला तर हाव आणि भ्रम, असं वाचलंय. नेमकं काय धरायचं?

भास्करभक्त: गोंधळ कशाला? आत्मकारक सूर्यच. लहानपणापासून हेच शिकलोय.

दिगंश: सूर्य हा नैसर्गिक आत्मकारक, तो सगळ्यांना सारखाच. इथे जैमिनींचा चर आत्मकारक विचारलाय, म्हणजे आपल्या राशीत सगळ्यात जास्त अंश कापलेला ग्रह; तो पत्रिकेगणिक बदलतो.

यामिनीताई, दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर आहेत. एक सात ग्रह धरतं, दुसरं राहूसकट आठ. सूत्रातच 'सप्तानामष्टानां वा' म्हटलंय, त्यामुळे हा वाद जुनाच. के. एन. राव सात धरतात, संजय रथ आठ. राहू वक्री चालतो म्हणून त्याने राशीत कापलेलं अंतर शेवटाकडून मोजायचं: 30° − 2°06' = 27°54'. म्हणून तो शुक्राच्या 14 कला पुढे गेला.

पण तुमचा 2°06' मध्यम राहू आहे की स्पष्ट? या दोघांत दीड अंशापर्यंतही फरक पडतो. सेटिंग बदलून पाहा.

यामिनी_स: स्पष्ट राहू 3°05' येतोय.

दिगंश: मग 30° − 3°05' = 26°55'. म्हणजे आठ कारक धरूनही राहू तिसरा आणि शुक्र पहिला. राहूला आत्मकारक करायचं तर आठ कारक हवेत आणि राहू मध्यमच हवा. एवढ्या अटींवर उभा असलेला आत्मकारक मी तरी धरणार नाही.

श्रीधर_जोशीबुवा: थांबा. शुक्र 27 अंशांवर, चंद्रही 27 अंशांवर. अंश सारखे झाले की एक जागा रिकामी पडते आणि ती भरायला राहू येतो. 'अष्टानां वा'चा अर्थ तोच. म्हणजे राहू यायलाच हवा.

दिगंश: बुवा, सूत्राचा तसा अर्थ लावणारी परंपरा आहे, हे मान्य. पण इथे बरोबरी झालेलीच नाही. सूत्रात 'कलादिभिः' आहे. अंश सारखे तर कला पाहा, कला सारख्या तर विकला. 9 कलांचं अंतर म्हणजे शुक्र निर्विवाद पुढे, अर्थात जन्मवेळ बरोबर असेल तर. आणि खरा धोका तिथेच आहे.

चंद्र तासाला साधारण 33 कला सरकतो. 9 कला भरून काढायला त्याला सोळा-सतरा मिनिटं पुरतात, तेवढ्यात शुक्र एखादी कलाही हलत नाही. जन्म नोंदीपेक्षा सतराएक मिनिटं उशिरा झाला असेल तर आत्मकारक चंद्र. लवकर झाला असेल तर शुक्राची जागा आणखी पक्की. नोंदवलेली वेळ पाव तासाच्या पटीत आहे का?

यामिनी_स: हो, 9:45. मिनिटं कुणी पाहिली असतील असं वाटत नाही.

कोरडा_ठाक: झालं! सतरा मिनिटांवर आत्म्याचा विषय 'नातेसंबंध' वरून 'वात्सल्य' वर जाणार. सूत्रांतली कारकांशफळं वाचली आहेत का कुणी? कारकांश मेष असेल तर उंदीर-मांजरांचा त्रास, सिंह असेल तर श्वापदांचा. कन्येला मिथुनासारखंच, म्हणजे खाज आणि स्थूलपणा, वर आगीच्या ठिणग्या. धनूला वाहनावरून किंवा उंचावरून पडणं. यात 'आत्मा या जन्मी काय शिकायला आला' कुठे आहे? ते नंतर चिकटवलेलं मानसशास्त्र आहे.

दिगंश: निम्मं मान्य. 'शुक्र म्हणजे नात्यांतून शिकणं' ही भाषा आजची आहे. पण 'स ईष्टे बन्धमोक्षयोः' हेही सूत्रच आहे. हा ग्रह बांधतो आणि सोडवतोही. म्हणून मी आत्मकारकाकडे गुणवर्णन म्हणून बघत नाही, माणूस कशापाशी अडकतो हे बघतो. शुक्र असेल तर सुख, आवड, जोडीदार यांत. तिथेच हात सुटला तर मोकळीक.

आता शुक्र धरून पुढे जाऊ. कन्या 27°40' म्हणजे नववा नवमांश, तो कन्येचाच. शुक्र वर्गोत्तम, पण दोन्हीकडे नीच, आणि परमनीच अंशाला अगदी लागून. याचा अर्थ 'आत्मा नीच' असा लावणारे पुष्कळ भेटतात, तो सोडून द्या. विषय शुक्राचाच राहतो. कन्येत तो हिशेब मांडतो, खोट काढतो, सुख मिळालं तरी पुरेसं झालं म्हणत नाही. नीचभंग आहे का, हे बुधाच्या स्थितीवरून पाहावं लागेल.

चंद्र धरला तर नवमांश धनू, म्हणजे कारकांशच बदलला. आणि कुणी राहू धरलाच तर एक चूक टाळा: 30 मधून वजाबाकी फक्त क्रम लावण्यापुरती. नवमांश मूळ 2°06' चाच, म्हणजे मकर. 27°54' चा नवमांश काढला तर कन्या येईल आणि पुढचं सगळं वाचन चुकेल.

अनघा_प: माझा गुरू एका ॲपमध्ये 29°50' म्हणून आत्मकारक, दुसऱ्यात पुढच्या राशीत 1°17' म्हणून सगळ्यात शेवटी, दाराकारक! एकच ग्रह आत्मा आणि नवरा?

दिगंश: तुमच्याकडे अयनांश बदललाय. लाहिरीऐवजी रामन घेतला की सगळे ग्रह सुमारे 1°27' पुढे जातात. सगळे सारखेच सरकत असल्याने सूर्य ते शनी यांचा क्रम एरवी बदलत नाही, पण जो ग्रह रास ओलांडतो तो पहिल्यावरून थेट शेवटी जातो. शेवटच्या दीड अंशातल्या आत्मकारकाला हा धोका कायम असतो. यामिनीताईंचा शुक्र रामनने 29°07' होतो, थोडक्यात बचावतो. राहूचं मोजमाप उलटं असल्याने तो मात्र 26°27' पर्यंत खाली येतो.

कोरडा_ठाक: म्हणजे जन्मवेळ, अयनांश, मध्यम की स्पष्ट, सात की आठ. चार खुंट्या हलत्या, आणि त्यांवर आत्मा टांगलेला.

दिगंश: हलत्या आहेत, पण प्रत्येक पत्रिकेत नाही. पहिल्या दोघांत दोन-तीन अंश असले, पहिला 28 अंशांच्या आत असला आणि राहू राशीच्या सुरुवातीला नसला, तर यातलं काहीही बदला, उत्तर बहुधा तेच येतं. ही पत्रिका काठावरची आहे.

श्रीधर_जोशीबुवा: वेळ दुरुस्त करायची तर शुक्राची महादशा तपासा. आत्मकारकाच्या दशेत ताप होतोच.

कोरडा_ठाक: वीस वर्षांच्या दशेत ताप कुणाला होत नाही?

दिगंश: या मुद्द्यावर ठाकसाहेबांशी सहमत. महादशा फार रुंद पडते. त्यापेक्षा आधी लग्नाचे अंश आणि लग्नाचा नवमांश पाहा. सतरा मिनिटांत लग्न साधारण चार अंश सरकतं, म्हणजे 9:45 आणि 10:02 ला नवमांश लग्न वेगळंच येईल. लग्न, नोकरी, घरातला मृत्यू अशा तारखा ठाऊक असलेल्या घटना दोन्ही वेळांवर लावून पाहा. आत्मकारक त्यानंतर.

यामिनी_स: इष्टदेवतेचंही बदलेल का?

दिगंश: ते कारकांशाच्या बाराव्यावरून बघतात. कन्येपासून बारावी सिंह. कारकांश राशिकुंडलीत ठेवून पाहिलं तर सिंहेत चंद्र, म्हणून गौरी. नवमांशकुंडलीतच पाहायचं म्हटलं तर तिथे सिंहेत कोण बसलंय ते हवं. मी नवमांशात पाहतो.

श्रीधर_जोशीबुवा: आमच्याकडे राशिकुंडलीतच पाहतात.