मदत हवी आहे: जर्मन शाळेने मुलीच्या नावाचं स्पेलिंग बदललंय, पत्र कसं लिहू?

मुक्ता_स्टुटगार्ट:
नमस्कार मंडळी. लेक ज्ञानदा, चौथीपर्यंत गावी मराठी शाळेत होती, आता इथे जर्मनीत. अ‍ॅडमिशनला शाळा सोडल्याचा दाखला लागला, तो फक्त मराठीत, म्हणून कोर्टात शपथ घेतलेल्या ट्रान्सलेटरकडून जर्मन करून घेतला. पासपोर्टवर `DNYANADA` आहे पण त्या भाषांतरात `Jñānadā` आलं, शाळेच्या कॉम्प्युटरने वरची चिन्हं गाळली आणि आता त्सॉयग्निसवर, म्हणजे इथल्या प्रगतिपुस्तकावर, चक्क `Jnanada`. वर्गात तिला यनानाडा म्हणतात, ती बिचारी ओ देते. "भाषांतर चुकीचं आहे, कृपया भाषांतरातलं नाव दुरुस्त करा" असं पत्र लिहून ठेवलंय, नवरा म्हणतो जरा कडक लिही. बरोबर आहे का?

खवय्या_पुणेकर:
आधी गॅझेटमध्ये नाव छापून घ्या, मग दाखला अपोस्टील करा. त्याशिवाय परदेशात कुणी ऐकत नाही.

नदीकाठ:
खवय्या, गॅझेट नाव *बदलायचं* असेल तर. इथे नाव बदललेलंच नाही. अपोस्टीलचंही तेच, त्याने दाखल्यावरची सही-शिक्का खरा आहे एवढंच कळतं, स्पेलिंगशी त्याचा संबंध नाही.

मुक्ताताई, हे पत्र असं पाठवू नका. भाषांतर शाळेचं नाहीच, त्यावर ट्रान्सलेटरचा शिक्का आहे, शाळा त्यात पेन लावू शकत नाही आणि तुम्हीही लावू नका, खाडाखोड केली की तो कागद बाद. शिवाय ट्रान्सलेटर तसा चुकलेलाही नाही. समोर नुसती देवनागरी असेल तर ते लोक ठरलेल्या लिप्यंतराच्या नियमाने लिहितात, त्यात ज्ञ चा jñ च होतो. आपला dny त्या नियमात बसत नाही. पासपोर्टची कॉपी सोबत दिली असती तर त्याने पासपोर्टचं स्पेलिंग घेतलं असतं, तशी टीपही टाकतात.

म्हणजे कामं दोन. ट्रान्सलेटरला पासपोर्टचं पान मेल करा आणि पासपोर्टप्रमाणे नाव घालून नवीन शिक्क्याची प्रत मागा. शाळेला मागणी फक्त त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डची करा. विषय असा टाका:

```
Betreff: Berichtigung der Namensschreibweise
```

खाली मुलीचं नाव, जन्मतारीख, वर्ग. मग साधं: आमच्या मुलीचं नाव पासपोर्ट आणि मेल्डेबेशाइनिगुंगवर, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीच्या दाखल्यावर, असं आहे, तुमच्या नोंदीत असं आलंय, फरक मराठी लिपीतून अक्षरं बदलताना पडला, व्यक्ती एकच. कृपया नोंद दुरुस्त करा आणि त्सॉयग्निस नव्या स्पेलिंगने द्या. दोन्ही स्पेलिंगं एकाखाली एक, मोठ्या अक्षरात, वाक्यात लपवू नका. सेक्रेटरी पत्र वाचत नाही हो, ती अक्षरं जुळवते. सोबत कॉपीच द्या, ओरिजिनल नको.

अनुजा_क:
आमच्या ऋग्वेदचं अमेरिकेत असंच झालेलं, शाळेने तोंडी सांगितल्यावरच बदललं, पत्रबित्र काही नाही. एवढं कशाला?

नदीकाठ:
तोंडी सांगून हजेरीपटावरचं बदलेल, पण त्सॉयग्निस पुढच्या शाळेत दाखवायचा असतो, तिथे कागद लागतोच. आणि विमा कार्डावर `Dnyanada` आणि शाळेत `Jnanada` राहिलं तर आजच प्रश्न नाही, पुढे कुठल्या तरी फॉर्मला अडकतं.

मुक्ता_स्टुटगार्ट:
हो, विमा कार्डावर पासपोर्टप्रमाणेच आहे. कडक लिहायचं का मग? नवरा कायद्याचा मुद्दा घालायला बघतोय.

नदीकाठ:
पहिल्या पत्रात नको. आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, कलम 16, आणि साधारण महिन्याभरात उत्तर यायला हवं. पण ते उत्तर न आल्यास दुसऱ्या पत्रात. पहिलंच पत्र कलम घेऊन गेलं की सेक्रेटरी ते वर ढकलते आणि तुमचं सोपं काम लांबतं.

खवय्या_पुणेकर:
बरं, गॅझेटचं मागे घेतो. पण दाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असतं ना, वडिलांचं नाव कुठे गेलं?

मुक्ता_स्टुटगार्ट:
अरे देवा, ते बघितलंच नव्हतं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये दोन्ही आहेत, ज्ञानदा आणि तिच्या बाबांचं. शाळेने बाबांचं नाव टाकलंच नाहीये.

नदीकाठ:
मग त्याच पत्रात विचारा, त्सॉयग्निसवर पूर्ण गिव्हन नेम घालणार की फक्त रुफनामे, म्हणजे हाक मारायचं नाव. हे शाळेशाळेत वेगळं बघितलंय मी, ठाम सांगता येत नाही. आणि जुन्या त्सॉयग्निसवर मूळ तारीखच ठेवतील की नवी घालतील, तेही विचारून घ्या.

मुक्ता_स्टुटगार्ट:
ट्रान्सलेटरला मेल केला. त्याचं उत्तर आलं, नवीन प्रतीचे पैसे पडतील म्हणतोय. द्यावे की घासाघीस करू?

अनुजा_क:
पासपोर्टची कॉपी तुम्ही दिली नव्हती ना आधी? मग द्या गपचूप.