दाढ काढल्यावर अँटिबायोटिक दिलंच नाही, चालेल का?

मुग्धा: काल आईची (वय 58) खालची किडलेली दाढ काढली. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 एवढंच लिहून दिलं. दोन पेनकिलर एकत्र चालतात का? आज गालाला थोडी सूज आहे. अँटिबायोटिक नको का?

सुहास: हवंच. तोंडात जंतू असतातच, त्यात उघडी जखम. माझी अक्कलदाढ हाड कापून काढली, तेव्हा पाच दिवस अमॉक्सिसिलिन होतं, काही झालं नाही. केमिस्टकडून आणा, रिस्क कशाला?

डॉ. वृषाली, दंतवैद्य: सुहासजी, हाड कापलं असेल तर मुद्दा वेगळा. अशा शस्त्रक्रियेत अँटिबायोटिकने संसर्ग थोडा कमी होतो, तरी साधारण 19 जणांना दिल्यावर एकाचा टळतो. बाकीच्यांच्या वाट्याला जुलाब आणि पुरळ येऊ शकतात. साध्या दाढेला, तब्येत धडधाकट असेल तर, मी देत नाही.

मुग्धा, दोन्ही गोळ्या एकत्र चालतात, त्यांचं काम वेगवेगळं आहे. जेवल्यावर दोन्ही, दर आठ तासांनी, पहिले दोन-तीन दिवस. ठणका लागायची वाट पाहू नका, मग तो आवरणं कठीण जातं. फक्त घरातल्या दुसऱ्या गोळ्यांची पाकिटं वाचा. अंगदुखीच्या, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, आणि नकळत दुप्पट डोस जातो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरते. त्यानंतरही वाढली, ताप आला, पू आला किंवा तोंड उघडेना, तर लगेच दाखवा. गिळायला वा श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा. तिथे अँटिबायोटिक लागतंच, पण आधी पू काढावा लागतो.

प्रकाश काका: मला तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास. घरात उरलेलं अँटिबायोटिक खाल्लं, पण ठणका तसाच. म्हणजे औषधच डुप्लिकेट असणार.

डॉ. वृषाली: काका, औषध बरोबरच असेल. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं की असंच होतं. ताप आणि पू नसेल तर त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की एक-दोन दिवसांत आराम पडतो. म्हणून पहिल्या दिवशी जोरात चूळ, स्ट्रॉ आणि तंबाखू बंद.

मुग्धा: आईला डायबिटीस आहे, शुगर कधी 250 जाते. डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

सुहास: बघा! आता तरी द्या.

डॉ. वृषाली: हे आधी कळायला हवं होतं. आत्ताच त्यांना फोन करा. एवढ्या शुगरला काही सहकारी अँटिबायोटिक देतात, काही फक्त लक्ष ठेवतात, यावर आमच्यातही एकमत नाही. मला जास्त काळजी आयबुप्रोफेनची आहे. किडनीवर परिणाम झालेला असेल तर ते चालत नाही. शेवटचं क्रिएटिनिन किती होतं?

मुग्धा: रिपोर्ट शोधते. तोवर फक्त पॅरासिटामॉल देऊ का?

डॉ. वृषाली: हो, यकृताचा त्रास नसेल तर द्या. आणि फोन आजच करा.