मदत हवी आहे: डिझाइन इंजिनीअरच्या रेझ्युमेत टॉलरन्सचं काम कसं लिहावं?

धागाकर्ता: चारेक वर्षं मशीनिंगच्या पार्ट्सचं डिझाइन करतोय. गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्याच्या जाहिरातीत क्रिओ, टॉलरन्स स्टॅक-अप आणि नवीन प्रॉडक्ट उत्पादनापर्यंत नेल्याचा अनुभव मागितलाय. माझ्या रेझ्युमेत आहे: 'सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड. जीडी अँड टीचं उत्तम ज्ञान. ०.०१ मिमीपर्यंतच्या टॉलरन्सवर काम. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये सहभाग.' फोन येत नाही. काय बदलू?

कॅडप्रेमी: क्रिओ वर लिहा, नाहीतर पहिल्याच चाळणीत जाल. आणि ०.०१ ठळक करा, जितकं बारीक टॉलरन्स तितकी छाप.

टूलरूम_काका: चाळणीचं बरोबर आहे, पण येत नसेल तर क्रिओ लिहू नका. ०.०१ चं मात्र उलट होतं. शॉपवरचा माणूस लगेच विचारतो की ते कुठे लागत होतं, ग्राइंडिंग कोणी केलं, मोजलं कशावर. गरज नसताना टॉलरन्स घट्ट करणारा डिझायनर त्यांना नको असतो. तुम्ही स्वतः केलेला एखादा स्टॅक-अप सांगा बघू.

धागाकर्ता: हाउसिंगची खोली ४० ±०.१, त्यात ६००४ बेअरिंग, म्हणजे रुंदी १२ +०/-०.१२, आणि स्पेसर २६.५ ±०.२. उरलेल्या फटीत वेव्ह वॉशर. फट १.२० ते १.९२ येत होती, वॉशरला १.३ ते १.८ हवी. काही नगांत वॉशर सैल पडायचा. मी फक्त स्पेसर ±०.०५ केला, मग फट १.३५ ते १.७७ झाली.

टूलरूम_काका: अहो, हेच लिहायचं! बेअरिंग विकतचं, ते बदलता येत नाही. डायकास्ट हाउसिंगची खोली आवळायची तर मशीनिंग महागतं. स्पेसर लेथवर ±०.०५ मध्ये सहज निघतो. कुठलं माप घट्ट करायचं आणि कुठलं सोडायचं हे तुम्हाला कळतं, ते यात दिसतं. ओळ अशी करा: 'वर्स्ट-केस स्टॅक-अप करून असेंब्लीतल्या फटीचा फरक ०.७२ वरून ०.४२ मिमीवर आणला. हाउसिंग न बदलता फक्त स्पेसरचं टॉलरन्स घट्ट केलं.' कंपनीचं ड्रॉइंग किंवा पार्टचं नाव टाकू नका.

क्यूसी_ताई: मी इन्स्पेक्शनमध्ये आहे, सीएमएमवर. मलाही डिझाइनमध्ये जायचंय, माझा रेझ्युमेही बघाल का?

टूलरूम_काका: ताई, वेगळा धागा काढा, नक्की बघतो. धागाकर्ते, 'सहभाग' हा शब्दही काढा. पायलट लॉटनंतर ड्रॉइंगमध्ये तुमच्यामुळे काय बदललं, ते लिहा.

धागाकर्ता: तो स्पेसरचा बदल पायलट लॉटनंतरचाच आहे! तसं जोडतो. क्रिओचं काय पण?

कॅडप्रेमी: 'शिकतोय' लिहा.

टूलरूम_काका: मला ते पटत नाही. दोन-चार असेंब्ली स्वतः करून मगच लिहावं. भरती करणाऱ्यांपैकी कोणी सांगेल का?